९९९९९ या पत्त्यावर

आमच्या कॉलेजात प्रयोगाचा निष्कर्ष प्रयोगाच्या आधी लिहिला जातो. हे मी टीका म्हणून सांगत नाही. ती पद्धत आहे आणि एकोणीस वर्षं मीच ती राबवते आहे. रेकॉर्ड नावाची एक जाड वही असते, तपकिरी कागदाचं कव्हर घातलेली. तिच्यात प्रत्येक प्रयोगाचे पाच भाग: उद्देश, पायऱ्या, प्रोग्रॅम, आउटपुट आणि निष्कर्ष. निष्कर्षाचं वाक्य ठरलेलं असतं: अशा रीतीने अमुक प्रोग्रॅम यशस्वीरीत्या चालवला आणि पडताळला. मुलं रविवारी घरी बसून हे सगळं उतरवून आणतात. सोमवारी लॅबमध्ये यायचं ते फक्त यशस्वी होण्यासाठी.

कॉलेज सिरुसेरीच्या, म्हणजे इथल्या आयटी कंपन्यांच्या वसाहतीच्या, रस्त्यावर आहे. तिकडे जाणाऱ्या बसमध्ये सकाळी निम्मे लोक गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घातलेले असतात आणि उरलेले निम्मे ते मिळावं म्हणून आमच्याकडे शिकत असतात. मी ऑपरेटिंग सिस्टिमच्या लॅबची इन-चार्ज आहे. पीएच.डी. केलेली नाही, त्यामुळे माझ्याकडे लॅब असते आणि इतरांकडे मते.

या लॅबमधला शेवटचा प्रयोग आमच्या विभागाचा अभिमान आहे. शिकवण्यासाठीच लिहिलेली एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम आहे, जुन्या जातीच्या प्रोसेसरवर चालणारी. तिचा कर्नल, म्हणजे सगळ्यांवर देखरेख करणारा मधला भाग, इतका लहान आहे की कष्टाळू मूल तो एका सत्रात वाचून काढू शकतं. अर्थात काढत कुणी नाही. खऱ्या यंत्रावर तो चालवायचा नसतो. संगणकाच्या आत एका खिडकीत एक खोटं यंत्र उभं करायचं आणि त्याच्यावर चालवायचा. प्रयोग असा की या कर्नलमध्ये एक नवा सिस्टिम कॉल घालायचा.

सिस्टिम कॉल म्हणजे काय हे सांगायला मला पुस्तक लागत नाही. माझे वडील एग्मोरला रेल्वेच्या आरक्षणाच्या खिडकीमागे बसत. प्रवासी आत यायचा नाही, रजिस्टरला हात लावायचा नाही. त्याने फॉर्म भरायचा, खिडकीतून सरकवायचा आणि थांबायचं. सामान्य प्रोग्रॅमचं तसंच असतं. त्याला कर्नलच्या आत पाऊल टाकता येत नाही. हव्या असलेल्या कामाचा नंबर तो ठरलेल्या जागी ठेवतो आणि एक खास सूचना देतो. ती सूचना म्हणजे खिडकी. पलीकडे कर्नल तो नंबर आपल्या तक्त्यात बघतो आणि त्या नंबरचं काम करतो. आमच्या छोट्या कर्नलमध्ये एकवीस कामं आधीपासून आहेत. मुलांनी घालायचं ते बाविसावं.

बाविसावं काम सोपं होतं: या घडीला किती प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, आहेत ते मोजायचं आणि तो आकडा प्रोग्रॅमने दिलेल्या पत्त्यावर नेऊन ठेवायचा. पत्ता म्हणजे मेमरीतल्या जागेचा क्रमांक. यासाठी पाच-सहा फायलींना हात लावावा लागतो. एका यादीत बावीस हा नंबर लिहायचा, कर्नलच्या तक्त्यात त्या नंबरासमोर आपल्या फंक्शनचं नाव, मग ते फंक्शन, मग प्रोग्रॅमच्या बाजूला त्याची ओळख आणि खिडकी ठोठावणारा लहानसा तुकडा, आणि शेवटी स्वतःचा चाचणी प्रोग्रॅम, तोही बांधणीच्या, म्हणजे बिल्डच्या, यादीत नाव घालून. दर वर्षी चार-पाच मुलं तक्त्यातली ओळ विसरतात. मग कर्नल ‘बावीस नंबरचा कॉल माहीत नाही’ असं छापतो आणि मुलं माझ्याकडे बघतात, जणू मी तो लपवला आहे.

सगळं बरोबर झालं की पडद्यावर येतं: ३. पहिली प्रोसेस जिच्यापासून सगळं सुरू होतं ती, दुसरी कमांड घेणारी शेल, तिसरा आपला स्वतःचा प्रोग्रॅम. आमच्या लॅबमध्ये तीन हा आकडा उत्तर म्हणून पाठ आहे. एकदा एका मुलाने नुसता तीनच छापणारा प्रोग्रॅम लिहिला होता आणि त्याला पैकीच्या पैकी मिळाले होते.

या प्रयोगाचं मॅन्युअल आमच्या विभागप्रमुखांनी लिहिलं. त्याचं प्रकाशन झालं तेव्हा समई लागली, प्रार्थना झाली, आणि विभागप्रमुखांनी विभागप्रमुखांना शाल पांघरावी असा प्रसंग टाळण्यासाठी प्राचार्यांना बोलावलं गेलं. शाल मी टी. नगरातून आणली होती. मॅन्युअलवर सोनेरी अक्षरं होती. आत बाविसाव्या कॉलचा कोड होता. तो मी त्याच दिवशी, भाषणं चालू असताना, मांडीवर ठेवून वाचला आणि त्यात एक गोष्ट नाही हे माझ्या लक्षात आलं.

प्रोग्रॅम जो पत्ता देतो, तो त्याच्या स्वतःच्या हद्दीतला आहे का, हे कर्नलने तपासायला हवं. त्यासाठी आमच्या कर्नलमध्ये तयार फंक्शन आहे. पत्ता हद्दीबाहेरचा असेल तर ते उणे एक परत देतं आणि आपणही पुढे उणे एक परत द्यायचं असतं, म्हणजे ‘हे काम होणार नाही’. मॅन्युअलमध्ये ते वापरलंच नव्हतं. पत्ता साध्या आकड्यासारखा उचलला होता आणि थेट तिथे लिहिलं होतं. वडिलांच्या खिडकीच्या भाषेत, प्रवाशाने फॉर्मवर विहिरीचा पत्ता लिहिला तर कारकून तिकीट घेऊन विहिरीत उतरतो, आणि कारकून बुडाला की अख्खं स्टेशन बंद.

मी हे कुणाला सांगितलं नाही. शाल पांघरलेल्या माणसाला चूक दाखवणं गैरसोयीचं असतं. शिवाय मुलांचे प्रोग्रॅम तर बरोबरच पत्ते देत होते. मॅन्युअलमधून उतरवलेल्या प्रोग्रॅमने मॅन्युअलमधून उतरवलेल्या कर्नलला विचारलं तर तीन येणारच.

एका मुलीचे तीन आले नाहीत.

ती तंजावूरच्या मराठी घरातली. तिचे वडील तिथे एका शाळेत शिक्षक, ती इथे हॉस्टेलवर. पहिल्याच वर्षी माझं आडनाव वाचून ती मला मराठीत भेटायला आली. तिच्या मराठीला तमिळची चाल होती आणि काही शब्द इतके जुने की माझ्या सासूबाईंना ते जुन्या दस्तऐवजांतले वाटले. लॅबमध्ये ती मला मॅडम म्हणे, बस स्टॉपवर मावशी. तिचं बोलणं इथे मी माझ्या मराठीत देते आहे. तिच्या तोंडी ते जास्त ठसठशीत वाटायचं.

दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत तिने कर्नलमध्ये मॅन्युअलचा कोड जसाच्या तसा घातला. चाचणी प्रोग्रॅम मात्र स्वतः लिहिला. आकडा ठेवण्यासाठी एक जागा घेतली आणि तिच्यात आधी ९९९९९ भरून ठेवले, म्हणजे कॉलनंतर आकडा बदलला की काम झालं हे कळावं. विचार चांगला होता. पण कॉलला त्या जागेचा पत्ता द्यायच्या ऐवजी तिने त्या जागेतला आकडाच दिला. एक चिन्ह राहिलं. कंपायलरने, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्याने, हरकत घेतली, तेव्हा तिने हॉस्टेलवर ऐकलेला उपाय केला: आकड्याच्या आधी कंसात ‘हा पत्ता समज’ असं लिहिलं. कंपायलर इतक्या ठाम विधानापुढे गप्प बसतो. त्या बाबतीत तो आमच्या विभागासारखा आहे.

कर्नल तीन हा आकडा घेऊन ९९९९९ या पत्त्यावर गेला. तिच्या चिमुकल्या प्रोग्रॅमची हद्द त्याच्या कितीतरी आधी संपत होती. तिथे काहीच नव्हतं. पडद्यावर ‘अनपेक्षित ट्रॅप १४’ आणि ‘पॅनिक’ असे शब्द उमटले आणि खोटं यंत्र थिजलं. तिने खिडकी बंद करून पुन्हा चालवलं, तीन वेळा. तिन्ही वेळा तेच. वेळ संपली. परीक्षक म्हणून उभ्या असलेल्या विभागप्रमुखांनी विचारलं की बाकीच्या एकोणतीस मुलांचं चालतं आणि हिचंच यंत्र कसं बिघडतं, आणि उत्तराची वाट न पाहता लिहिलं: आउटपुट नाही. त्या प्रश्नाला निम्म्याहून जास्त गुण होते. ती नापास झाली.

तिच्या प्रोग्रॅममध्ये चूक होती, यात वाद नाही. पण प्रोग्रॅम चुकला तर प्रोग्रॅम मरावा, कर्नल नाही. तिने स्वतःच्या प्रोग्रॅममधून थेट त्या पत्त्यावर लिहिलं असतं, तर कर्नलने तेवढा तो प्रोग्रॅम संपवला असता आणि शेल पुढच्या कमांडची वाट बघत बसली असती. पाच मिनिटांत तिने चूक शोधली असती. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मी हजेरीच्या कागदावर सह्या घेत होते.

नापास झालेला विषय इथे अरिअर म्हणून पुढे चालत येतो. तिसऱ्या वर्षी तिने परीक्षा दिली नाही. वडिलांचं ऑपरेशन त्याच आठवड्यात होतं. चौथ्या वर्षी तिला सिरुसेरीतल्या एका कंपनीने निवडलं. पत्रात नेहमीची अट होती: रुजू होताना एकही अरिअर नको. म्हणजे या एका प्रात्यक्षिकात ती पास झाली तर नोकरी, नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा रांगेत, तेही कंपन्यांना तेव्हा माणसं हवी असली तर.

परीक्षेच्या आधीच्या महिन्यात ती दुपारी लॅबमध्ये येऊन बसू लागली. रेकॉर्ड उघडतही नव्हती. कर्नल वाचत होती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "मावशी, त्या दिवशी यंत्र का पडलं ते कळल्याशिवाय मी परत त्याच्यासमोर बसणार नाही."

मी म्हणाले, मॅन्युअल नीट पाठ केलंस तर पडणार नाही. हे खरं होतं आणि ते म्हणताना मला स्वतःची थोडी लाज वाटली, थोडीच.

दोन आठवड्यांनी तिने मला कर्नलमधलं ते तपासणीचं फंक्शन दाखवलं. आधीचे कॉल ते वापरतात, मॅन्युअलमधला वापरत नाही, हे तिने बोट ठेवून दाखवलं. माझ्याकडे बघून नाही, पडद्याकडे बघून. मी एवढंच म्हणाले की बरोबर आहे. तिने विचारलं, परीक्षेत असं लिहिलं तर चालेल का? मी म्हणाले, तीन आले की चालतं.

परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक दुसऱ्या एका कॉलेजातून आले. वयस्कर, सडपातळ, खादीचा शर्ट, खिशात दोन पेनं. त्यांना कॉफी आणि मिक्स्चर, म्हणजे इथला चिवडा, दिलं, शालही दिली, ती त्यांनी घडी न मोडता पिशवीत ठेवली. विभागप्रमुखांनी त्यांना मॅन्युअलची एक प्रत भेट दिली. त्यांनी ती उलटी धरून मागचं पान वाचलं, जिथे लेखकाचा परिचय होता, आणि खाली ठेवली.

अरिअरवाली ती एकटीच, बाकी सगळी दुसऱ्या वर्षाची मुलं. पहिला प्रश्न चिठ्ठी उचलून, तो तिने तासाभरात संपवला. दुसरा सगळ्यांना सारखाच: बाविसावा कॉल. अकराच्या सुमाराला लॅबमध्ये एकामागून एक तीन उमटू लागले. विभागप्रमुख रांगेतून फिरत होते, तीन दिसले की टिक करत होते. एखाद्या देवळात घंटा वाजवत जावं तसं.

तिच्या पडद्यावर दोन ओळी होत्या. पहिली ३. दुसरी -१.

विभागप्रमुख थांबले. उणे एक म्हणजे अपयश, हे आमच्याकडे पहिल्या वर्षापासून शिकवलं जातं, आणि ते शिकवणारे तेच. त्यांनी तमिळमध्ये, इथे मुलींना म्हणतात तसं ‘म्मा’ म्हणत विचारलं, "हे काय, म्मा? कॉल फेल होतोय."

"फेल होत नाही, सर. नाही म्हणतोय," ती म्हणाली. दुसऱ्या वेळी तिने मुद्दाम चुकीचा पत्ता दिला होता. ९९९९९. तिथे लिहायला नकार देणं हेच बरोबर उत्तर आहे, असं तिने सांगितलं.

विभागप्रमुख म्हणाले की प्रश्नात चुकीचा पत्ता मागितलेला नाही. उत्तरपत्रिकेत एकच ओळ अपेक्षित आहे. आणि निष्कर्षात ‘यशस्वीरीत्या’ लिहायचं असेल तर आउटपुटमध्ये उणे एक कसं चालेल? ते रागावलेले नव्हते. त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता. यशाच्या पुराव्यात नकार दिसणं त्यांना अशुभ वाटत असावं. त्यांनी पेन उघडलं.

तिने माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. मग मी काहीतरी केलं असतं किंवा केलं नसतं आणि ते तिला दिसलं असतं.

बाहेरचे परीक्षक खुर्ची ओढून आले. सगळीकडे तीनच बघून ते कंटाळले होते. उणे एकमुळे त्यांना जाग आली. म्हणाले, चुकीचा पत्ता तपासायचाच तर शून्य द्या. शून्य पत्ता चुकीचा असतो हे जगाला माहीत आहे. हे नव्याण्णव हजार काय?

ती म्हणाली, "सर, या कर्नलमध्ये शून्य चुकीचा नाही."

विभागप्रमुख हसले. परीक्षकांनी बोटाने खूण केली: करून दाखव. तिने ९९९९९ खोडून शून्य लिहिलं, पुन्हा बांधलं, चालवलं. दुसऱ्या ओळीत आलं: ०. म्हणजे कॉलला ते चाललं.

"बघा," विभागप्रमुख म्हणाले, "तपासणीच चुकलेली आहे. शून्य पत्त्यालासुद्धा हो म्हणते."

तो क्षण मला आठवतो, कारण शेजारच्या रांगेतली मुलं टाइप करायची थांबली होती. ती मात्र घाईत नव्हती. तिने समजावलं की या छोट्या सिस्टिममध्ये प्रत्येक प्रोग्रॅम शून्यापासूनच ठेवला जातो. शून्य पत्त्यावर तिच्याच प्रोग्रॅमच्या पहिल्या सूचना आहेत. आता तिथे तीन लिहिले गेले. म्हणजे तिच्या प्रोग्रॅमने स्वतःचंच डोकं खरवडलं. पण त्या सूचना आधीच चालून झाल्या होत्या, म्हणून काही दिसलं नाही. ते तिच्या हद्दीतलं नुकसान आहे, तिचं तिने भोगावं. कर्नलचं काम दुसऱ्यांच्या हद्दी सांभाळायचं. म्हणून चाचणीला शून्य उपयोगाचं नाही, हद्दीबाहेरचा आकडा हवा.

परीक्षकांनी माझ्याकडे वळून विचारलं, "असं आहे?"

मी म्हणाले, "हो."

इतक्या वर्षांत या प्रयोगाबद्दल मुलं सोडून मला कुणी थेट विचारलेला तो पहिला प्रश्न होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं. उत्तर द्यायला एक शब्द पुरला.

"मग तपासणी नसती तर ९९९९९ ला काय झालं असतं?"

विभागप्रमुख मध्येच म्हणाले की काही फरक पडला नसता. मॅन्युअलमधल्या कोडवर इतकी मुलं गेली, एकही तक्रार नाही. परीक्षक म्हणाले, मग चालवून बघू. विभागप्रमुखांनी घड्याळ बघितलं आणि सांगितलं की जेवण थंड होतंय आणि दुपारची बॅच बाहेर उभी आहे. हे ते माझ्याकडे बघून म्हणाले. मला एक वाट करून दिली होती. लॅबमधला मॅन्युअलचा नमुना कर्नल माझ्याच टेबलावरच्या संगणकावर होता, आणि ‘त्याला वेळ लागेल’ एवढं मी म्हटलं असतं तर ते खरंही वाटलं असतं.

मी तिची चाचणीची फाइल घेतली, शून्याच्या जागी तिचे ९९९९९ परत लिहिले, बांधणीच्या यादीत नाव घातलं आणि बांधणी सुरू केली. खिडकी उघडली, शेल आली. मी तिच्या प्रोग्रॅमचं नाव टाइप करून एंटर दाबलं.

पहिली ओळ: ३. विभागप्रमुखांनी मान डोलावली.

मग ‘अनपेक्षित ट्रॅप १४’. मग ‘पॅनिक’. मी एंटर दाबलं, पुन्हा दाबलं. शेल परत आली नाही. विभागाचा अभिमान माझ्या टेबलावर थिजून बसला होता.

मग विभागप्रमुख म्हणाले, "पण तिचा प्रोग्रॅमच चुकीचा आहे."

परीक्षक उठता उठता म्हणाले, "प्रोग्रॅम चुकीचेच असतात, सर. म्हणून तर कर्नल ठेवतात." आणि तिच्याकडे वळून तिला निष्कर्ष लिहायला सांगितलं.

तिने उत्तरपत्रिकेत लिहिलं की हद्दीतल्या पत्त्यावर कॉल आकडा ठेवतो, हद्दीबाहेरच्या पत्त्याला उणे एक देतो आणि दोन्हीनंतर शेल चालू राहते. ‘यशस्वीरीत्या’ हा शब्द नव्हता. विभागप्रमुखांनी त्यासाठी दोन गुण कापले. परीक्षकांनी ते कापू दिले. जेवण खरंच थंड होत होतं. ती पास झाली. तेवढ्या गुणांनी काही बिघडत नव्हतं आणि विभागप्रमुखांनाही काहीतरी हातात घेऊन बाहेर पडायला हवं होतं.

मॅन्युअलची नवी आवृत्ती निघाली आहे. तिच्यात तपासणी आहे, ‘सुधारित’ असं सोनेरी अक्षरांत आहे, आणि चाचणीत दोन ओळी आहेत: ३ आणि -१. आता लॅबमध्ये सोमवारी सगळ्यांचे उणे एक येतात. मुलं ते रविवारीच लिहून आणतात.

परीक्षेच्याच दिवशी संध्याकाळी ती बस स्टॉपवर भेटली. रस्ता ओळखपत्रवाल्यांनी भरलेला होता. मी तिचं अभिनंदन केलं. ती म्हणाली की वडिलांना फोन केला, त्यांना काय झालं ते कळलं नाही, पण पास झाल्याचं कळलं. मग माझ्याकडे वळली.

"मावशी, तो पडदा मी ओळखला. दोन वर्षांपूर्वीचाच तो. तुम्ही तेव्हा मागेच उभ्या होतात. तुम्हाला माहीत होतं का?"

"हो," मी म्हणाले.

तिने मान हलवली, इथे हलवतात तशी, जिचा अर्थ हो की नाही हे बाहेरच्याला कळत नाही. मी बाहेरची नाही, तरी मला कळला नाही. मग तिने विचारलं की सिरुसेरीला सकाळी लवकर कितव्या नंबरची बस जाते. मी तिला नंबर सांगितला. तिने तो फोनमध्ये लिहून घेतला आणि मला परत वाचून दाखवला, बरोबर आहे ना म्हणून.